‘हल’ आणि ‘अ’ : अरबी भाषेत प्रश्न कसा घडतो

अरबी शिकू लागलेल्या मराठी माणसाला पहिल्या महिन्याभरातच एक कोडे पडते. ‘हे पुस्तक आहे का?’ एवढ्या साध्या प्रश्नासाठी त्याच्यापुढे दोन वाक्ये येतात : ‘हल हादा किताबुन?’ आणि ‘अ हादा किताबुन?’ दोन्हींखाली अर्थ एकच छापलेला असतो. मग एका कामाला दोन शब्द कशासाठी, हे कोणी सांगत नाही. कोकणातून किंवा गोव्यातून नोकरीसाठी आखाती देशांत गेलेल्यांचा गोंधळ आणखी वाढतो, कारण कुवैतच्या किंवा दुबईच्या बाजारात या दोहोंपैकी एकही शब्द सहसा कानावर पडत नाही आणि तरीही प्रश्न तर दिवसभर विचारले जात असतात.

हे कोडे सुटू शकते. त्यासाठी एकच गोष्ट धरून चालावी लागते : प्रश्न विचारणाऱ्याला आधीपासून काय ठाऊक आहे आणि त्याला नेमके काय हवे आहे. अरबी व्याकरणकारांनी ‘हल’ आणि ‘अ’ यांचा सगळा विचार याच एका मुद्द्यावर उभा केला आहे.

उच्चाराबद्दल दोन शब्द आधी सांगतो. ‘हादा’ (म्हणजे ‘हा, हे’) यातील ‘द’ जिभेचे टोक दातांमध्ये ठेवून उच्चारायचा असतो. ‘अन्ता’ (म्हणजे ‘तू’) यासारख्या शब्दांच्या शेवटी मी ‘आ’ लिहितो आहे तो ऱ्हस्व आहे. नुसते ‘अन्त’ लिहिले तर मराठी वाचक शेवटचा स्वर गिळून टाकील, म्हणून ही सोय केली आहे.

## वाक्य जागचे हलत नाही

मराठीत ‘तू चहा घेतोस’ या विधानाचा प्रश्न करायचा तर आपण शेवटी ‘का’ किंवा ‘काय’ जोडतो. बाकीचे वाक्य होते तसेच राहते. अरबीतही वाक्य तसेच राहते. फरक जागेचा आहे. आपला ‘का’ शेवटी येतो, तर अरबीचे दोन्ही प्रश्नशब्द अगदी आरंभी येतात. ‘तुरीदु शायन’ म्हणजे ‘तुला चहा हवा आहे’ आणि ‘हल तुरीदु शायन?’ म्हणजे ‘तुला चहा हवा आहे का?’ मराठी विद्यार्थी सवयीने ‘हल’ शेवटी टाकतो, आणि मग ऐकणाऱ्याला ते वाक्य पुढे काहीतरी येणार आहे असे, अर्धवट तोडल्यासारखे वाटते.

लिहिताना दोहोंत एक ठळक भेद दिसतो. ‘हल’ हा दोन अक्षरांचा स्वतंत्र शब्द आहे आणि त्याच्यापुढे मोकळी जागा सोडली जाते. ‘अ’ हे मात्र एकच अक्षर असून ते पुढच्या शब्दाला चिकटूनच लिहितात. या अक्षराला ‘हमजा’ म्हणतात. कंठात क्षणभर हवा अडवून सोडलेला तो ध्वनी आहे. या लेखात पुढे ‘हमजा’ म्हटले की प्रश्नवाचक ‘अ’ समजावा.

## चहा किंवा कॉफी, की चहा की कॉफी?

आता मूळ भेदाकडे येऊ. तो समजायला मराठी माणसाला दूर जावे लागत नाही, कारण आपल्या भाषेत तो रोज वापरला जातो. पाहुणा घरी आला असता ‘चहा किंवा कॉफी घेणार का?’ असे विचारले तर उत्तर ‘हो’ किंवा ‘नको’ असे येते. काही प्यायचे आहे की नाही, एवढेच आपण विचारले. ‘चहा घेणार की कॉफी?’ असे विचारले तर ‘हो’ हे उत्तर चालत नाही. पाहुणा काहीतरी घेणार हे येथे गृहीत धरलेले आहे, दोहोंपैकी कोणते एवढेच विचारायचे उरले आहे. ‘किंवा’ आणि ‘की’ हा भेद कोणी आपल्याला शिकवलेला नसतो, पण तो चुकत नाही.

अरबीत ‘किंवा’साठी ‘अव’ आणि ‘की’साठी ‘अम’ असे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला प्रश्न असा होतो : ‘हल तुरीदु शायन अव कहवतन?’ त्याचे उत्तर ‘नअम’ म्हणजे हो, किंवा ‘ला’ म्हणजे नाही. दुसरा प्रश्न असा : ‘अ शायन तुरीदु अम कहवतन?’ त्याचे उत्तर ‘शायन’ किंवा ‘कहवतन’. पहिल्यात ‘हल’ आहे, दुसऱ्यात हमजा, आणि जुन्या नियमाप्रमाणे ‘अम’ची जोडी हमजाशीच जमते, ‘हल’शी जमत नाही.

व्याकरणकारांनी या दोन मागण्यांना नावे दिली आहेत. एखादी गोष्ट घडली की नाही याचा निवाडा मागणे म्हणजे ‘तस्दीक’, आणि गोष्ट घडली हे मान्य करून तिच्यातला एखादा घटक मागणे म्हणजे ‘तसव्वुर’. ‘हल’ फक्त पहिल्या कामाचा आहे. हमजा दोन्ही कामे करतो. ‘हे पुस्तक आहे का?’ हा प्रश्न निव्वळ निवाड्याचा असल्यामुळे तेथे दोघेही चालतात आणि म्हणून पुस्तकात दोन वाक्यांखाली एकच अर्थ दिलेला असतो. ते दोन शब्द एकमेकांचे पर्याय आहेत असे मात्र नाही. त्यांची क्षेत्रे जेथे एकमेकांवर येतात, नेमका तेवढाच तुकडा विद्यार्थ्याला पहिल्यांदा दाखवला जातो.

## हमजाच्या लगेच पुढे काय येते

वरच्या दुसऱ्या वाक्यात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ‘तुरीदु’ (तुला हवा आहे) हे क्रियापद मागे गेले आणि ‘शायन’ पुढे आले. ज्याविषयी शंका आहे तो शब्द हमजाला लागून ठेवायचा, हा नियम आहे. मला तो अरबी वाक्यरचनेतला सर्वांत देखणा नियम वाटतो, कारण एका अक्षराच्या शेजारी कोण उभे आहे यावरून विचारणाऱ्याच्या मनातले ओळखता येते.

अकराव्या शतकात अब्दुल काहिर अल-जुरजानी या पंडिताने हा नियम फार बारकाईने उलगडला. त्याच्या पद्धतीने दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहू. ‘अ कतब्ता हादा?’ म्हणजे ‘तू हे लिहिलेस का?’ येथे हमजाच्या पुढे क्रियापद आहे, तेव्हा लिहिण्याची क्रिया झाली की नाही हीच शंका आहे. ‘अ अन्ता कतब्ता हादा?’ म्हणजे ‘हे तूच लिहिलेस का?’ येथे हमजाच्या पुढे ‘अन्ता’ आले. लिहिलेला कागद समोर आहे, कोणीतरी तो लिहिला यात वाद नाही. लिहिणारा तू आहेस का, एवढाच प्रश्न आहे. मराठीत जे काम ‘च’ हे एक अक्षर करते, ते अरबीने शब्दाची जागा बदलून केले.

जुरजानीने यासाठी कुराणातील २१व्या सूरेतील ६२वी आयत घेतली. मूर्ती फोडलेल्या पाहून जमलेले लोक विचारतात, ‘अ अन्ता फअल्ता हादा बि आलिहतिना, या इब्राहीमु?’ म्हणजे ‘इब्राहीम, आमच्या देवांचे हे तूच केलेस का?’ फुटलेल्या मूर्ती सर्वांच्या डोळ्यांपुढे आहेत, म्हणून ‘फअल्ता’ (तू केलेस) हे हमजाला लागून येत नाही, ‘अन्ता’ येते. जुरजानीचा पुढचा मुद्दा अधिक पटण्यासारखा आहे. तो म्हणतो की, प्रश्न कृतीविषयी असता तर उत्तर ‘केले’ किंवा ‘केले नाही’ असे आले असते. पण पुढच्या आयतेतील उत्तर ‘हे या त्यांच्यातल्या मोठ्याने केले’ असे आहे, म्हणजे उत्तर देणाराही कर्त्याचेच नाव सांगतो. प्रश्न ज्या घटकाचा होता, उत्तर त्याच घटकाचे आले.

यावरून ‘हल’च्या एका बंधनाचेही कारण कळते. ‘हल’च्या पुढे आधी नाम आणि मग क्रियापद ठेवणे जुन्या व्याकरणात नापसंत आहे. ‘खालिद आला का?’ यासाठी ‘हल जाआ खालिदुन?’ हे ठीक, पण ‘हल खालिदुन जाआ?’ हे खटकणारे. नाम पुढे आणले की ‘कोणीतरी आले हे ठाऊक आहे, तो खालिद का?’ असा सूर येतो, आणि ‘हल’ तर आले की नाही हेच विचारतो. जे ठाऊक आहे तेच पुन्हा विचारल्यासारखे होते.

## ‘नाही का?’ असे विचारायचे असेल तर

नकारार्थी प्रश्नात ‘हल’ चालत नाही. ‘तू लिहिले नाहीस का?’ यासाठी ‘हल लम तकतुब?’ हे वाक्य चूक आणि ‘अ लम तकतुब?’ हे बरोबर. ‘अलम’, ‘अला’, ‘अलय्सा’ अशी नकाराला चिकटलेल्या हमजाची रूपे अरबी मजकुरात पदोपदी भेटतात. हमजा सर्व प्रश्नशब्दांचे मूळ आहे, असे चौदाव्या शतकातील कैरोचा व्याकरणकार इब्न हिशाम म्हणतो, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ तो हमजाची खास वैशिष्ट्ये मोजून दाखवतो. नकारापुढे येणे हे त्यांपैकी एक आहे. दुसरे असे की ‘आणि’, ‘तर’ अशा अर्थाच्या अव्ययांच्याही आधी हमजा जाऊन बसतो (‘अफला’, म्हणजे ‘तर मग नाही का’), पण ‘हल’ त्यांच्या मागे उभा राहतो (‘फहल’, म्हणजे ‘तर मग का’).

खरी अडचण नकारार्थी प्रश्नाच्या उत्तरात येते आणि ती मराठी माणसाला चांगली परिचित आहे. ‘तू जेवला नाहीस का?’ या प्रश्नाला कोणी नुसते ‘हो’ म्हटले तर तो जेवला की उपाशी आहे? ‘हो, नाही जेवलो’ असाही अर्थ होतो आणि ‘हो, जेवलो’ असाही. म्हणून आपण पूर्ण क्रियापद वापरतो, किंवा ‘जेवलो की!’ असे ठासून सांगतो. अरबीने या जागेसाठी एक वेगळा शब्दच राखून ठेवला आहे : ‘बला’. ‘बला’ प्रश्नातला नकार खोडून काढतो. ‘अ लम तकतुब?’ याला ‘बला’ म्हटले तर ‘लिहिले की!’ असा अर्थ. ‘नअम’ म्हटले तर जुन्या नियमाने ‘हो, लिहिले नाही’ असा अर्थ.

कुराणाच्या ७व्या सूरेतील १७२वी आयत याचे नेहमीचे उदाहरण आहे. ‘अलस्तु बि रब्बिकुम?’ म्हणजे ‘मी तुमचा पालनकर्ता नाही का?’ त्यावर उत्तर आहे ‘बला’. तेथे ‘नअम’ असते तर तो नकाराला दिलेला होकार ठरला असता, ही गोष्ट भाष्यकार आवर्जून सांगतात. आज बोलताना पुष्कळ अरब लोकही अशा ठिकाणी ‘नअम’ म्हणून जातात आणि संदर्भाने अर्थ कळतो. परंतु लेखी करारात, मुलाखतीत किंवा साक्षीत हा भेद पाळलेला बरा.

## कोण, काय, कुठे

घटक विचारणारे बाकीचे शब्द मराठीच्या ओळखीचे वाटतात. ‘मन’ म्हणजे कोण, ‘अय्ना’ म्हणजे कुठे, ‘मता’ म्हणजे केव्हा, ‘कय्फा’ म्हणजे कसे, ‘लिमादा’ म्हणजे का. तेही वाक्याच्या आरंभी येतात आणि त्यांच्यासोबत ‘हल’ किंवा हमजा लागत नाही. घसरण्याच्या जागा तीनच सांगतो.

पहिली जागा ‘काय’ची आहे. क्रियापद नसेल तर ‘मा’ (‘मा हादा?’ म्हणजे ‘हे काय आहे?’) आणि क्रियापद असेल तर बहुधा ‘मादा’ (‘मादा तुरीदु?’ म्हणजे ‘तुला काय हवे?’). ‘मा’ हा शब्द नकारासाठीही वापरतात. ‘मा कतब्ता’ याचा अर्थ ‘तू काय लिहिलेस’ असा होऊ शकतो आणि ‘तू लिहिले नाहीस’ असाही. ‘मादा कतब्ता’ म्हटले की ही शंका उरत नाही.

दुसरी जागा ‘कुठून’, ‘कोणाबरोबर’ अशा शब्दांची. आपण ‘ऊन’, ‘बरोबर’ हे मागे जोडतो. अरबीत ते पुढे येतात आणि प्रश्नशब्दाच्याही आधी बसतात : ‘मिन अय्ना अन्ता?’ म्हणजे ‘तू कुठला?’, शब्दशः ‘पासून कुठे तू’. तिसरी जागा ‘कम’ म्हणजे ‘किती’. त्याच्यापुढे वस्तू एकवचनी येते. ‘कम किताबन इन्दका?’ म्हणजे ‘तुझ्याकडे किती पुस्तके आहेत?’, पण ‘किताबन’ हे रूप एकाच पुस्तकाचे आहे. अरबीत ११ ते ९९ या संख्यांपुढेही मोजायची वस्तू याच एकवचनी रूपात येते, म्हणून ‘कम’कडे एक अज्ञात संख्या म्हणून पाहिले की नियम लक्षात राहतो.

## शेवटी प्रश्नचिन्ह असताना हे शब्द हवेतच कशाला?

ही शंका रास्त आहे, पण प्रश्नचिन्ह अरबीत फार उशिरा आले. जुन्या हस्तलिखितांत आजच्यासारखी विरामचिन्हे नव्हती. अहमद झकी पाशा यांनी १९१२ मध्ये कैरोत अरबी विरामचिन्हांवर पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यानंतर त्यांची घडी बसत गेली. अरबीचे प्रश्नचिन्ह आपल्या चिन्हाच्या आरशातल्या प्रतिमेसारखे असते, कारण ओळ उजवीकडून डावीकडे जाते. त्याआधीची अनेक शतके ‘पुढे प्रश्न आहे’ ही सूचना वाचकाला आरंभीचे शब्दच देत होते.

आजही चिन्हाचा उपयोग एका वेगळ्या अडचणीत होतो. अरबी मजकुरात ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. ‘अक्तुबु’ म्हणजे ‘मी लिहितो’ आणि ‘अ कतबा?’ म्हणजे ‘त्याने लिहिले का?’ हे दोन्ही स्वरचिन्हांशिवाय लिहिले तर तीच चार अक्षरे उमटतात : अलिफावर हमजा, काफ, ता, बा. पहिल्यात ते आद्य अक्षर ‘मी’ दाखवते, दुसऱ्यात ते प्रश्न दाखवते. ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे का, आणि आधीच्या वाक्यात कोणाविषयी बोलणे चालू होते, हे पाहिल्याशिवाय निर्णय होत नाही. ‘हल कतबा?’ असे लिहिले तर असा घोळ होत नाही. साध्या होकारार्थी प्रश्नात आजचा लेखक ‘हल’कडे वळतो, त्याचे हे एक व्यावहारिक कारण आहे.

वापर बदलला आहे हेही मान्य केले पाहिजे. आजच्या वृत्तपत्रांत ‘हल … अम’ ही जोडी वारंवार दिसते. शुद्धतेचा आग्रह धरणारे तिला चूक म्हणतात. माझे मत असे की वाचताना ती समजून घ्यावी आणि लिहिताना टाळावी, कारण ‘अव’ आणि ‘अम’ यांच्यातला भेद एकदा पुसला की उत्तर ‘नअम’ द्यायचे की ‘शायन’, हे पुन्हा संदर्भावर सोडावे लागते.

## रस्त्यावर ‘हल’ का ऐकू येत नाही?

आतापर्यंत सांगितले ते लेखी आणि औपचारिक अरबीचे. ती बातम्यांत, प्रवचनांत, व्याख्यानांत, पाठ्यपुस्तकांत आणि बऱ्याच बालकार्यक्रमांत असते. घरी आणि बाजारात प्रत्येक प्रदेशाची आपापली बोली चालते आणि तिच्यात होकार-नकाराचा प्रश्न बहुधा नुसत्या सुरानेच होतो. पुस्तकातले ‘हल तअरिफुल अरबिय्या?’ (तुला अरबी येते का?) आखातात ‘इन्ता तअरफ अरबी?’ असे होते. शब्द विधानाचेच राहतात, फक्त शेवट वर चढतो. आपणही ‘जेवलास?’ एवढेच म्हणतो, ‘का’ लावत नाही.

सगळीकडे असेच आहे असे नाही. मोरोक्कोत ‘वाश’ हा स्वतंत्र शब्द वाक्याच्या आरंभी येऊन ‘हल’चे काम करतो. प्रश्नशब्दांची रूपे आणि जागाही बदलतात. ‘तुझे नाव काय?’ हे लेखी अरबीत ‘मस्मुका?’ (‘मा’ आणि ‘इस्मुका’ यांचा संधी), आखातात ‘शिस्मक?’, सीरिया-लेबनॉनकडे ‘शू इस्मक?’ आणि कैरोत ‘इस्मक एह?’. कैरोचे रूप मराठी माणसाला जवळचे वाटेल, कारण तेथे ‘काय’ हा शब्द आपल्यासारखाच मागे राहिला. आखातातले ‘लेश’ (का), ‘एश’ (काय) हे शब्द ‘अय्यु शय्इन’ म्हणजे ‘कोणती गोष्ट’ या दोन शब्दांचे घासून उरलेले रूप आहे; ‘लेश’ म्हणजे मुळात ‘कोणत्या गोष्टीसाठी’.

बोलींनी ‘हल’ आणि हमजा टाकून दिले, तरी चहा-कॉफीचा भेद टाकला नाही. ‘अम’ची जागा तेथे ‘वल्ला’ने घेतली. आखातातल्या घरी यजमान ‘शाय वल्ला गहवा?’ असे विचारतो, तेव्हा त्याला ‘ए’ (हो) हे उत्तर नको असते. पाहुण्याने ‘शाय’ किंवा ‘गहवा’ यांपैकी एक शब्द उच्चारायचा असतो.